शेवटचा भाव, रांगेतला भाव आणि ईटीएफची खरी किंमत

प्रश्न: "मी चोपड्याचा. परवा सकाळी ९.१७ ला एका स्मॉलकॅप ईटीएफचे ८०० युनिट अ‍ॅपवरून मार्केट ऑर्डर टाकून घेतले. भाव ६२.४० दिसत होता, पण सरासरी ६३.२६ ला पडले. दहाच मिनिटांत हजाराच्या आसपास तोटा दिसायला लागला, आणि बाजार तर पडलेलाच नव्हता. रात्री एनएव्ही ६२.५१ आली. हा ईटीएफ वाईट आहे का? विकून मोकळा होऊ का? पुढे चांदीचा ईटीएफही घ्यायचा आहे, तिथेही असंच होईल का?"

भाऊ, विकायची घाई करू नका. रात्रीची एनएव्ही ६२.५१ आली म्हणजे फंडाकडे असलेल्या शेअरांचं मोल जिथल्या तिथे आहे. तुमचे पैसे गेले ते खरेदीच्या त्या दोन-चार सेकंदांत, आणि ते का गेले हे कळलं की पुढची खरेदी सुधारते. मी जळगावात एका दलालाच्या कार्यालयात वीसेक वर्षं टर्मिनलवर बसतोय. ईटीएफ घेणाऱ्या नव्या माणसाचा पहिला फोन बहुतेक वेळा असाच असतो.

तुम्ही ईटीएफ चांगला की वाईट असं विचारताय. मी आधी वेगळं विचारेन: तुम्हाला दिसलेला ६२.४० हा भाव नेमका कोणाचा होता? अ‍ॅपवर मोठ्या अक्षरात दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. कोणीतरी आधी घेतलं, कोणीतरी दिलं, सौदा संपला. तो सौदा दहा सेकंदांपूर्वीचा असेल, कमी उलाढालीच्या ईटीएफमध्ये दहा मिनिटांपूर्वीचाही असेल, आणि ९.१७ ला तर आदल्या दिवशीचाही असू शकतो. त्या भावाला आता तुम्हाला माल द्यायला कोणी उभं आहे, असं त्यातून अजिबात ठरत नाही.

साध्या म्युच्युअल फंडात समोर फंड कंपनी असते आणि दिवसअखेरच्या एनएव्हीने सगळ्यांना सारखे युनिट मिळतात. ईटीएफमध्ये सव्वानऊ ते साडेतीनपर्यंत समोर दुसरा माणूस असतो. फंड कंपनीकडे थेट जाण्याचा रस्ता आता २५ कोटींहून मोठ्या व्यवहारालाच उघडा आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी तो बंदच. आपला भाव ठरतो तो रांगेत. एका बाजूला घेणारे आपापला भाव आणि नग लावून उभे असतात, दुसऱ्या बाजूला विकणारे. घेणाऱ्यांपैकी सर्वांत जास्त देणाऱ्याचा भाव ती बिड, विकणाऱ्यांपैकी सर्वांत कमी मागणाऱ्याचा तो आस्क, आणि या दोहोंमधलं अंतर म्हणजे स्प्रेड. आपल्या सराफ बाजारातही, मजुरी बाजूला ठेवली तरी, सकाळी घेतलेलं वेढणं संध्याकाळी मोडायला नेलं तर सकाळचा भाव मिळत नाही. देण्याचा भाव वेगळा, घेण्याचा वेगळा. स्प्रेड म्हणजे तेच, फक्त इथे तो दर क्षणाला बदलतो आणि पाटीवर लिहिलेला नसतो.

आता तुमचा सौदा उलगडून पाहू. त्या क्षणाची रांग माझ्याकडे नाही, पण ८०० युनिट सरासरी ६३.२६ ला पडले म्हणजे विकणाऱ्यांची रांग साधारण अशी असणार: २०० युनिट ६२.८५ ला, पुढचे २५० युनिट ६३.१० ला, त्यानंतर ४०० युनिट ६३.६० ला. मार्केट ऑर्डरचा अर्थ "भाव काहीही असो, नग पुरे करा" असा होतो. म्हणून तुमच्या ऑर्डरने पहिले २०० उचलले, त्याचे १२,५७० रुपये झाले. मग २५० उचलले, १५,७७५ रुपये. तरीही ३५० बाकी राहिले, ते ६३.६० ला घेतले, २२,२६० रुपये. एकूण ५०,६०५. पायरी पायरी चढत तुम्ही वर गेलात, आणि शेवटची पायरी सर्वांत महाग होती.

त्या वेळी एका युनिटमागच्या शेअरांची किंमत ६२.४० धरली, तर ८०० युनिटांचा माल ४९,९२० रुपयांचा होता. तुम्ही ६८५ रुपये जास्त दिले, म्हणजे जवळजवळ १.४ टक्के. दहा मिनिटांनी हजाराचा तोटा दिसला, तो यामुळे की मधल्या वेळात कोणीतरी घेणाऱ्याच्या भावाला, समजा ६२.०५ ला, थोडे युनिट विकले आणि अ‍ॅपने तोच शेवटचा भाव धरून तुमचा हिशेब मांडला. बाजार पडला नाही. एकदा विकणाऱ्याच्या बाजूचा भाव दिसला, नंतर घेणाऱ्याच्या बाजूचा.

यावरून विकण्याच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. घेणाऱ्यांची रांग समजा अशी आहे: ३०० युनिट ६२.०५ ला, १५० युनिट ६१.९० ला, ५०० युनिट ६१.५० ला. घाईने मार्केट ऑर्डरवर विकलंत तर हाती ४९,४२५ येतील. आधीचे ६८५ गेलेच आहेत, वर आणखी ४९५ जातील. म्हणजे निम्मा खड्डा पडलाय, उरलेला निम्मा तुम्ही स्वतः खणाल. ईटीएफ तुम्हाला आठ-दहा वर्षांसाठी हवा असेल तर ६८५ रुपये त्या काळात विरून जातील. दोन महिन्यांत काढायचा विचार असेल तर मात्र १.४ टक्के हा लहान आकडा नाही. इथे तुमचा हेतू काय यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. लोक दोन ईटीएफची तुलना करताना वार्षिक खर्चाचं प्रमाण पाहतात: एकाचा ०.०५ टक्के, दुसऱ्याचा ०.२० टक्के, म्हणून पहिला घ्या. पन्नास हजारांवर हा फरक वर्षाला ७५ रुपयांचा होतो. तुम्ही एका सकाळी ६८५ दिले, म्हणजे नऊ वर्षांची बचत एका ऑर्डरीत गेली. खर्चाचं प्रमाण जाहिरातीत छापलेलं असतं, स्प्रेड कुठेच छापलेला नसतो. म्हणून तो स्वतः मोजायला शिकलं पाहिजे.

मोजायचा कसा? प्रत्येक अ‍ॅपमध्ये 'मार्केट डेप्थ' नावाची जागा असते. तिथे दोन्ही बाजूंचे सर्वांत चांगले पाच भाव आणि त्यांचे नग दिसतात. तुमच्या उदाहरणात ६२.०५ आणि ६२.८५ यांच्यात ८० पैसे आहेत, म्हणजे सुमारे १.३ टक्के. निफ्टी ५० वरच्या मोठ्या ईटीएफमध्ये हेच अंतर साधारण दिवशी एक-दोन पैशांचं असतं आणि दोन्ही बाजूंना हजारो युनिट उभे असतात. पण नुसतं अंतर पाहून थांबू नका, नग पाहा. पहिल्या भावाला २०० आणि तुम्हाला हवेत ८००, इथेच सावध व्हायला हवं होतं. शिवाय तोच ईटीएफ बहुधा एनएसई आणि बीएसई दोन्हीकडे असतो, आणि बहुतेक ईटीएफची गर्दी एनएसईवर असते. अ‍ॅप आपोआप बीएसई निवडतं आणि गिऱ्हाईक तिथल्या ओस रांगेत ऑर्डर टाकतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

दुसरा आकडा म्हणजे मालाची खरी किंमत. फंड कंपनीच्या संकेतस्थळावर ती iNAV या नावाने दिसते. म्हणजे ईटीएफकडच्या शेअरांच्या चालू भावावरून काढलेलं एका युनिटचं मोल. शेअरांच्या ईटीएफसाठी ते बाजार चालू असताना जास्तीत जास्त १५ सेकंदांच्या अंतराने द्यावं लागतं. केळीवाल्यांना हे लगेच कळेल. रावेरचा बोर्डभाव जाहीर होतो, तो एक आधार असतो, पण वजनकाट्यावर व्यापारी काय देतो ते वेगळं. बोर्डभाव माहीत नसलेला शेतकरी मिळेल तो भाव घेऊन येतो. iNAV हा ईटीएफचा बोर्डभाव आहे. त्या भावाला माल मिळेलच अशी हमी नाही, पण आपण किती लांब आहोत ते कळतं.

आता तुमच्याच ईटीएफमध्ये अंतर इतकं का, हे समजून घ्या, कारण लिक्विडिटी, म्हणजे भाव फारसा न हलवता किती सहज घेता-विकता येतं, या शब्दाचा खरा अर्थ इथे आहे. प्रत्येक ईटीएफसाठी फंड कंपनीला निदान दोन मार्केट मेकर नेमावे लागतात. त्यांचं काम दोन्ही बाजूंना भाव लावून उभं राहणं. तुम्ही त्यांच्याकडून युनिट घेतलेत की ते मागचे शेअर बाजारातून गोळा करून फंडाला देतात आणि बदल्यात नवे युनिट घेतात. म्हणून ईटीएफमध्ये रोज किती उलाढाल होते, त्यापेक्षा मागचे शेअर किती सहज मिळतात हे जास्त मोलाचं. निफ्टी ५० मध्ये पन्नास बडे शेअर आहेत, क्षणात मिळतात, आणि त्या निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदेही आहेत, म्हणून मेकर आपली जोखीम लगेच झाकू शकतो. स्मॉलकॅप २५० सारख्या निर्देशांकात अडीचशे छोटे शेअर येतात. त्यातल्या कित्येकांत स्वतःचाच स्प्रेड मोठा असतो. मेकरला जो खर्च येणार तो तो तुमच्या भावात धरतो.

आणि ९.१७ ला तर त्याचीही खात्री नसते. त्या अडीचशेपैकी अनेक शेअरांचे भाव अजून बसलेले नसतात. आदल्या रात्री अमेरिकेत काय झालं, सकाळी कोणती बातमी आली, हे सगळं पहिल्या काही मिनिटांत भावात मुरत असतं. अशा वेळी मेकर अंगावर जोखीम घेत नाही. तो बिड खाली सरकवतो, आस्क वर सरकवतो, नग कमी करतो. मी माझ्या गिऱ्हाइकांना पावणेदहाच्या आधी आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत पातळ ईटीएफला हात लावू देत नाही. मधला अकरा ते अडीच हा वेळ बरा. बजेट, निवडणूक निकाल किंवा बाजार एकदम कोसळलेला दिवस असेल तर ही वेळही उपयोगाची नाही. त्या दिवशी थांबावं.

तुमची हीच खरेदी मी कशी केली असती ते सांगतो. साडेअकराला डेप्थ उघडली असती. समजा तेव्हा अंतर आवळून ६२.३० आणि ६२.६० झालंय आणि iNAV ६२.४५ आहे. मी २०० युनिटांची लिमिट ऑर्डर ६२.५० ला टाकली असती. लिमिट म्हणजे या भावापेक्षा एक पैसाही जास्त नाही. आता तुम्ही म्हणाल, ६२.६० मागणारा ६२.५० ला का देईल? कारण मेकरचा स्वतःचा खर्च साधारण ६२.४५ च्या आसपास आहे, त्याच्या वर मिळालं तरी त्याला परवडतं. शिवाय तेवढ्यात ज्याला विकायचंय तोही माणूस येतो, आणि सर्वांत चांगला भाव तुमचाच असल्याने तुमच्याकडेच येतो. २०० मिळाले की पुढचे २००. पाच-दहा मिनिटांत काही झालं नाही तर iNAV पुन्हा पाहायचा. तो ६२.५५ झाला असेल तर माझी ऑर्डर मागे पडलीय, पाच-सात पैसे वर न्यायची. सरासरी ६२.५२ पडली तरी जास्तीचा खर्च ८०० युनिटांवर ५६ रुपये. तुमचे ६८५ गेले.

याला मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. बाजार सुसाट वर निघाला तर लिमिट ऑर्डर तशीच पडून राहते आणि तुम्ही हात चोळत बसता. दोन-पाच पैशांसाठी तीन दिवस अडून बसणाऱ्यांचं दोन टक्क्यांचं नुकसान झालेलं मी पाहिलंय. म्हणून माझा ठोकताळा असा: दीर्घ मुदतीची खरेदी असेल तर iNAV च्या वर पाव टक्क्यापर्यंत देऊन टाकावं, अर्ध्या टक्क्याला विचार करावा, एक टक्क्याला त्या दिवशी नको म्हणावं. हे आकडे नियमातले नाहीत, माझ्या अनुभवातले आहेत.

चांदीकडे येतो, कारण तिथे धोका वेगळा आहे आणि तुम्ही डेप्थ पाहायला शिकलात तरी फसू शकता. चांदीच्या मोठ्या ईटीएफमध्ये रांग भरलेली असते, स्प्रेड पैशांत असतो. पण बिड आणि आस्क दोन्ही मिळून खऱ्या किमतीच्या खूप वर तरंगत असतील तर? त्या अंतराला प्रीमियम म्हणतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिवाळीच्या तोंडावर हेच झालं. देशात हातातली चांदी मिळेनाशी झाली. त्या वेळी ईटीएफच्या चांदीचं मोल लंडनच्या भावावरून धरत, आणि इथे प्रत्यक्ष चांदी त्याहून बरीच महाग मिळत होती. मेकरला नवे युनिट तयार करायला चांदीच आणायची असते. ती मिळेना किंवा महाग मिळे, म्हणून नवे युनिट पुरेसे येईनात, आणि घेणारे मात्र झुंबड करून उभे. काही ईटीएफ खऱ्या मोलाच्या दहा टक्क्यांहून वर गेले. अनेक फंड कंपन्यांनी आपल्या चांदीच्या फंड ऑफ फंडमध्ये, म्हणजे लोकांचे पैसे घेऊन चांदीच्या ईटीएफमध्येच टाकणाऱ्या फंडात, एकरकमी पैसे घेणं थांबवलं, कारण ते पैसे त्याच फुगलेल्या भावाने ईटीएफमध्ये गेले असते.

आकड्यांत पाहा. एका युनिटमागे १५० रुपयांची चांदी आहे आणि ईटीएफ १६५ ला चालू आहे. बिड १६४.९५, आस्क १६५. स्प्रेड पाहिला तर उत्तम. तुम्ही १०० युनिट घेतले, १६,५०० दिले, मिळाली १५,००० ची चांदी. पुरवठा सुरळीत झाला की नवे युनिट तयार होतात आणि भाव आपल्या मोलाकडे येतो. चांदी एक पैसा न हलताही तुमचे १,५०० गेले. त्या आठवड्यात माझ्याकडे धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर घ्यायचंच म्हणणारे लोक येत होते. काहींना थांबवता आलं, काहींना नाही. सराफाकडे जाऊन कोणी एक किलोचे पैसे देऊन नऊशे ग्रॅम चांदी घेणार नाही. इथे वजन दिसत नाही, म्हणून हात सैल सुटतो.

परदेशी निर्देशांकाच्या ईटीएफमध्ये हा आजार जुनाट होऊ शकतो. म्युच्युअल फंडांनी परदेशात किती गुंतवायचं याला मर्यादा आहे, २०२२ मध्ये ती भरत आली आणि नवे युनिट मनासारखे तयार करणं अडलं. तिथे प्रीमियम आठवडे-महिने टिकू शकतो, आणि कधी आटेल ते सांगता येत नाही. शिवाय नॅस्डॅक आपल्या संध्याकाळी उघडतो, त्यामुळे दिवसभर दिसणारं मोल आदल्या रात्रीच्या भावावर उभं असतं. अशा ईटीएफमध्ये पाच-सहा टक्के वर जाऊन घ्यायला मी कोणालाच सांगत नाही.

महिन्याला थोडे थोडे पैसे टाकायचा विचार असेल तर आणखी एक हिशेब करा. पाच हजारांचे ७९ युनिट ६२.८५ ला घेतले आणि मोल ६२.४० होतं, तर दर हप्त्याला ३५-३६ रुपये, सुमारे ०.७ टक्के, आधीच गेले. विकताना डिपॉझिटरीचं शुल्क लागतं ते रकमेवर नाही, दर दिवशी दर ईटीएफमागे ठरावीक, साधारण पंधरा-वीस रुपये आणि वर जीएसटी. हजार रुपयांचे युनिट विकणाऱ्याला ते फार जड जातं. त्यामुळे लहान हप्त्यांसाठी त्याच निर्देशांकाचा इंडेक्स फंड, म्हणजे तेच शेअर ठेवणारा साधा म्युच्युअल फंड, बहुधा सोयीचा. खर्चाचं प्रमाण थोडं जास्त, पण युनिट एनएव्हीनेच मिळतात. दिवसातला भाव पकडायची तुम्हाला खरंच गरज नसेल, तर त्या सोयीची किंमत का मोजायची?

तुमच्याकडे आहेत ते ८०० युनिट राहू द्या. येता आठवडा काही घेऊ नका, फक्त रोज अकराच्या सुमारास कामातून पाच मिनिटं मिळाली की तीन आकडे वहीत टिपा: बिड, आस्क आणि iNAV. पाच दिवसांचे आकडे इथेच टाका, मी पाहतो. अंतर अर्ध्या टक्क्याच्या आत राहत असेल तर पुढची खरेदी याच ईटीएफमध्ये लिमिट लावून करा. भर दुपारीही एक टक्क्याच्या वर दिसत असेल, तर पुढचे पैसे इंडेक्स फंडात जाऊ द्या, आणि हे ८०० युनिट कधी विकाल तेव्हा शंभर-दोनशेच्या तुकड्यांत, लिमिट लावूनच विका.